खेळाच्या सरांच्या सेवापूर्तीला माजी विद्यार्थ्यांचं भाषण कसं बांधावं

शाळेतले शिक्षक वयाची ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात, आणि ज्यांची जन्मतारीख १ असते ते आदल्या महिन्याच्या अखेरीस. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेत नाव घालताना १ जून हीच तारीख लावलेली आहे. त्यामुळे सांगली-साताऱ्याकडे दरवर्षी ३१ मेच्या आसपास सेवापूर्ती समारंभांची गर्दी होते. शाळेला सुट्टी असते, वर्ग रिकामे असतात, पण पुण्या-मुंबईला गेलेली पोरं गावी आलेली असतात. सभागृहातली निम्मी माणसं माजी विद्यार्थीच असतात. सगळ्यांच्या वतीनं बोलायची जबाबदारी एकावर येते आणि तो आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभा राहणार असतो. हा लेख त्याच्यासाठी, किंवा तिच्यासाठी, आहे.

उदाहरण म्हणून वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या खो-खोच्या सरांसाठी आम्ही बांधलेलं भाषण घेतो. मी त्या तयारीत होतो. सरांचं, शाळेचं आणि पोरांचं नाव इथे देत नाही. तुमचे सर कबड्डीचे असोत, कुस्तीचे असोत किंवा लांब पल्ल्याच्या शर्यतींचे, काम याच क्रमानं करा.

आधी जागा आणि वेळ पक्की करा

सूत्रसंचालन जे शिक्षक करणार असतील त्यांना चार दिवस आधी भेटा. कार्यक्रमाचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ देऊन सपत्नीक सत्कार, मानपत्र वाचन, मनोगतं, सत्कारमूर्तींचं उत्तर, अध्यक्षीय भाषण, आभार. तुमचं भाषण मनोगतांमध्ये येतं. ते शेवटचं मनोगत असावं, म्हणजे त्यानंतर लगेच सर उत्तराला उठतील, अशी विनंती करा. मधे पाहुण्यांची दोन भाषणं आली की सरांना तुम्हाला उत्तर देता येत नाही आणि तुम्ही जे बोललात ते विरून जातं.

याच भेटीत प्रास्ताविकात आणि मानपत्रात काय आहे ते विचारून घ्या. सरांचा जन्म कुठला, शिक्षण कुठे झालं, कोणत्या शाखेत किती वर्षं होते, कोणते पुरस्कार मिळाले, हे सगळं त्या दोन्हींत येणारच. ते तुमच्या कागदावरून काढून टाका. मैदानावर सर कसे होते हे फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला बोलावलंय ते त्यासाठीच.

वेळ सहा मिनिटं मागा. मराठीत सावकाश, समजेल असं बोलायचं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. म्हणजे साडेसहाशे शब्दांच्या आत सगळं बसवायचं. तीस वर्षांच्या बॅचेस आणि साडेसहाशे शब्द, हे ऐकून घाबरायला होतं. पण हा आकडा आधी कळला तर पुढची निवड सोपी जाते.

वक्ता एकच ठेवा. प्रत्येक बॅचचा एक-एक जण दोन-दोन मिनिटं बोलणार असं ठरलं की कार्यक्रम दीड तास लांबतो आणि प्रत्येक जण तेच बोलतो. आमच्याकडे राष्ट्रीय खेळलेला एक जण होता आणि सगळ्यांना तोच बोलावा असं वाटत होतं. त्यानं स्वतःच नकार दिला आणि २००० सालानंतरच्या एका बॅचमधल्या मुलीचं नाव सुचवलं. ती कधी जिल्ह्याच्या पुढे गेली नव्हती, पण दहावीनंतरही कित्येक वर्षं संध्याकाळी मैदानावर येऊन लहान मुलींचा सराव घ्यायची. तिनं सरांना शिकणारीच्या जागेवरून पाहिलं होतं आणि शिकवणारीच्या जागेवरूनही. असं माणूस शोधा.

आठवणी गोळा करताना

ग्रुपवर ‘सरांबद्दलच्या आठवणी पाठवा’ असा मेसेज टाकला की काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हात जोडलेली चित्रं येतात, ‘सर म्हणजे देवमाणूस’ येतं, एखादी कविता येते. त्यातलं भाषणात वापरता येईल असं काहीच नसतं. ग्रुपवर फक्त तारीख आणि ठिकाण टाका. आठवणींसाठी एकेकाला फोन करा.

फोनवर ‘सर कसे होते?’ असं विचारू नका, त्याला ‘कडक पण प्रेमळ’ हेच उत्तर मिळतं. असं विचारा: सरांनी तुला हातानं धरून काय शिकवलं? मॅच हरल्यावर परतीच्या एसटीत ते काय बोलले? तुला संघातून काढलं होतं का, आणि कसं सांगितलं? सर तुझ्या घरी कधी आले होते का, कशासाठी? या प्रश्नांना माणूस थांबतो, आठवतो आणि मग जे सांगतो त्यात जागा असते, वेळ असते, सरांचं वाक्य असतं. ते वाक्य सरांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. नंतर शुद्ध करू नका.

कुणाला फोन करायचा हे जास्त महत्त्वाचं. गाजलेले खेळाडू सगळ्यांच्या लक्षात असतात. त्यांच्यापैकी एक-दोघं पुरेत. त्याशिवाय राखीव खेळाडू म्हणून सगळीकडे गेलेला पण मैदानात कधी न उतरलेला एक जण, मुलींच्या पहिल्या संघातली एक जण, आणि खेळाशी संबंधच नव्हता, फक्त पी.टी.च्या तासाला सर भेटायचे असा एक जण. शाळेचे शिपाईमामा विसरू नका. सर सकाळी कितीला यायचे, मैदानावर पाणी कोण मारायचं, चुन्याची आखणी कोण करायचं, याची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. आणि काकूंना एकदा भेटा. सर घरी कसे असतात हे विचारायला नव्हे. स्पर्धांच्या दिवसांत घर कसं चालायचं, हे विचारायला.

आम्हाला हाती लागलेल्या चार गोष्टी सांगतो, म्हणजे कशा प्रकारचं साहित्य लागतं ते कळेल.

एक, सूर मारणं. खो-खोत आक्रमक हात लांबवूनही गडी लागत नाही तेव्हा त्याच्या दिशेनं अंग झोकून देतो. यात पोरांचे गुडघे, कोपर, हनुवटी फुटतात आणि कधी मनगटही मोडतं. हे सर सूर मारायला मैदानावर शिकवतच नसत, लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात शिकवत. आधी गुडघ्यांवर बसवून पुढे पडायला लावायचे, मग उकिडवं बसून, मग दोन पावलं धावून. हनुवटी वर, हात पुढे, आणि छाती-पोट एकदम वाळूला लागलं पाहिजे. कोपर आधी टेकला की शिट्टी. वाळूत जमेपर्यंत मैदानावर सूर मारायची कुणालाही परवानगी नव्हती, स्पर्धा तोंडावर असली तरी.

दुसरी गोष्ट दम्याचा त्रास असलेल्या एका मुलाची. त्याला खेळता येत नव्हतं. सरांनी त्याला झाडाखाली नुसतं बसवून ठेवलं नाही, गुणलेखन शिकवलं. कोणता गडी कितव्या सेकंदाला बाद झाला, कुणी टिपला, खांबावर टिपला की सूर मारून, हे सगळं तक्त्यात कसं भरायचं ते शिकवलं आणि प्रत्येक स्पर्धेला संघाबरोबर नेलं. त्यानं पुढे पंच परीक्षा दिली.

तिसरी मुलींच्या संघाची. घरचे बाहेरगावी पाठवायला तयार नव्हते. सर घरोघर गेले, पण एकटे नाही, काकूंना बरोबर घेऊन. आणि पहिली काही वर्षं काकू स्वतः पोरींबरोबर स्पर्धेला जात राहिल्या. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटेत खायला भडंग.

चौथी २०१९ च्या पुराची. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी मैदानावर आलं, ओसरलं तेव्हा घोटाभर गाळ होता आणि एक खांब आडवा झाला होता. सरांनी पंचनामे, साफसफाई सगळं संपायची वाट पाहिली नाही. गावातली जुनी पोरं फावडी घेऊन जमवली, गाळ ओढून काढला आणि खांब पुन्हा गाडले.

खातरजमा

आठवणीत सगळेच संघ राज्याला गेलेले असतात. सभागृहात तेव्हाचे खेळाडू, बाजूच्या शाळेचे खेळाचे शिक्षक आणि कदाचित संघटनेचे पदाधिकारी बसलेले असतात. एक स्तर चुकीचा सांगितलात तर ते एकमेकांकडे बघतात, आणि सरांनाही ते अवघड जातं.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे ‘विभागाला कोल्हापूरच्या संघाकडून हरलो’ हे शक्य आहे, ‘विभागाला पुण्याकडून हरलो’ म्हणत असेल तर काहीतरी गल्लत आहे, तो सामना राज्याचा असेल किंवा खुल्या स्पर्धेतला. दुसरी नेहमीची गल्लत म्हणजे शालेय स्पर्धा आणि खेळाच्या संघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धा एकात मिसळणं. दोन्हींत ‘जिल्हास्तर’ असतो, पण स्पर्धा वेगळी, संघ वेगळा. १४, १७ आणि १९ वर्षांखालचा गट कोणता होता तेही बघा.

हे सगळं घरातल्या प्रमाणपत्रावर छापलेलं असतं. ज्याची आठवण घेतली त्याला प्रमाणपत्राचा फोटो पाठवायला सांगा. संघाचा जुना ग्रुप फोटो असेल तर पुढच्या रांगेतल्या पाटीवर खडूनं साल लिहिलेलं असतं. शाळेच्या कपाटातल्या ढाली वाचा. दोन ठिकाणी जुळलं नाही तर साल आणि स्तर सोडून द्या आणि नुसतं ‘आमच्या वेळी’ म्हणा. भाषणाचं त्यानं काही बिघडत नाही.

एक धागा निवडा

आता हातात चाळीसेक आठवणी आहेत आणि मोह होतो सगळ्या घ्यायचा. पण प्रत्येकीला एक ओळ दिली की भाषण यादी होऊन बसतं. ऐकणाऱ्याला यादीतलं काहीच दिसत नाही. एक शिकवण घ्या, ती तपशिलात सांगा आणि बाकीच्या दोन-तीन गोष्टी तिच्याशी जोडा.

आम्ही सूर घेतला. कारण असं की, हे सर पदकापेक्षा पोराचं हाड जपणारे होते, हे त्यातून न सांगता कळत होतं. दम्याचा मुलगा, मुलींच्या घरी काकूंना घेऊन जाणं, पुरानंतर गाळ काढणं, या तिन्ही गोष्टी त्याच स्वभावाच्या आहेत. सरांनी एका वर्षी लागोपाठ तीन ढाली आणल्या ही गोष्टही आमच्याकडे होती. ती गाळली, कारण ती धाग्यात बसत नव्हती आणि मानपत्रात आलीच होती.

तुमचा धागा वेगळा असेल. साताऱ्यात एखादे सर पोरांना यवतेश्वरच्या घाटात पळवत असतील आणि चढावर पाय कसा टाकायचा, उतारावर गुडघा कसा वाचवायचा हे शिकवत असतील, तर त्याच चढ-उतारावरून भाषण जाऊ द्या. फक्त तो घाट डोळ्यांसमोर येईल इतका सांगा: कुठून सुरू करायचे, कुठल्या वळणावर सर स्टॉपवॉच घेऊन उभे असायचे, मागं राहिलेल्याबरोबर कोण यायचं.

मोठ्या खेळाडूंची नावं घ्यायचा मोह या दोन जिल्ह्यांत फार होतो, आणि अभिमान वाटण्यासारखंच आहे ते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं. ही नावं प्रमुख पाहुणे घेणारच आहेत. ती त्यांना घेऊ द्या. सरांनी तुम्हाला खरोखर गोळेश्वरला नेलं असेल, तिथे काय सांगितलं ते आठवत असेल, तरच खाशाबा तुमच्या भाषणात यावेत. नाहीतर सरांच्या आयुष्याची मापं दुसऱ्याच्या पदकानं काढल्यासारखं होतं.

लिहिताना

सुरुवातीचं संबोधन एका श्वासात संपवा. ‘व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजन, सर, काकू, आणि सगळ्या बॅचेसच्या मित्रमैत्रिणींनो.’ पाहुण्यांची नावं आणि पदं सूत्रसंचालकानं घेतलेली असतात. तुम्ही पुन्हा घेतलीत तर पाऊण मिनिट जातं, आणि एखादं पद चुकलं की वेगळीच नाराजी.

त्यानंतर सरांकडे वळा आणि शेवटपर्यंत त्यांच्याशीच बोला. ‘सरांनी आम्हाला शिकवलं’ असं सभेला सांगण्यापेक्षा ‘सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत’ असं समोर सांगितलं की भाषण आपोआप खरं होतं, कारण त्यांच्या तोंडावर फुगवून बोलवत नाही. मैदानावर तुम्ही त्यांना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर स्टेजवर ‘आपण’ करू नका.

आमच्या भाषणाची सुरुवात अशी होती:

‘सर, सूर मारायला तुम्ही आम्हाला खो-खोच्या मैदानावर शिकवलं नाहीत. लांब उडीच्या खड्ड्यात शिकवलंत. गुडघ्यांवर बसून, मग उकिडवं, मग दोन पावलं धावून. कोपर आधी टेकला की तुमची शिट्टी वाजायची, आणि आम्ही पुन्हा गुडघ्यांवर. वाळूत जमत नाही तोवर मैदानावर सूर नाही, हा तुमचा नियम होता. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक जण त्या नियमामुळं तालुक्याच्या फायनलला खांबाजवळ नुसता धावत राहिला. गडी सुटला. आपण एका गुणानं हरलो. परतताना एसटीत तुम्ही त्याला शेजारी बसवून घेतलंत आणि म्हणालात, हात मोडून बसला असतास तर पहाटं म्हशीची धार कुणी काढली असती रं?’

इथे थांबायचं, कारण सभागृह हसतं. हसू पूर्ण ओसरू द्यायचं आणि मग पुढचं वाक्य: ‘त्याचे वडील त्या वर्षी आजारी होते, आणि धार तोच काढतो हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.’

बघा, यात सरांना लावलेलं एकही विशेषण नाही. ‘प्रेमळ’, ‘शिस्तप्रिय’, ‘विद्यार्थीप्रिय’ हे शब्द आम्ही पहिल्या मसुद्यावर लाल पेनानं गोल केले आणि प्रत्येकाच्या जागी एक घडलेली गोष्ट घातली. जिथे गोष्ट मिळाली नाही तिथे शब्दही काढला. तुम्हीही हे करून पाहा. शेवटी कागदावर जे उरतं ते दुसऱ्या कुणाही सरांबद्दल वाचता येत नाही.

आभाराचं वाक्यही तसंच. ‘तुमच्या अनमोल मार्गदर्शनाबद्दल आम्ही सदैव ऋणी राहू’ हे कानाला सवयीचं आहे म्हणून ऐकूच येत नाही. कशाबद्दल आभार, ते म्हणा. आमच्या भाषणात हे तीन आभार होते:

‘ज्याला खेळता येत नव्हतं त्याच्या हातात तुम्ही गुणतक्ता दिलात, त्याबद्दल आभार. काकू, आमच्या आयांनी आम्हाला बाहेरगावी सोडलं ते तुम्ही बरोबर होतात म्हणून. तुमची ती सगळी शनिवार-रविवारची जागरणं आमच्या खात्यावर आहेत, त्याबद्दल आभार. आणि सर, पूर ओसरल्यावर मैदान आधी उभं केलंत, त्याबद्दल. शाळेचे वर्ग भरायच्या आधी पोरं तिथे येऊन पळत होती.’

काकूंचं वाक्य सरांच्या वाक्याला जोडून ‘आणि वहिनींचीही मोलाची साथ लाभली’ असं करू नका. त्यांच्याकडे वळून, त्यांना हाक मारून, वेगळं बोला. शाल दोघांना मिळते, पण नाव बहुतेक भाषणांत एकाचंच येतं.

शेवटाला कवितेच्या ओळी, शेर, ‘तुमचं पुढचं आयुष्य सुखासमाधानाचं जावो’ यातलं काहीही गरजेचं नाही. निवृत्तीनंतर काय ठरलंय ते एका वाक्यात सांगा आणि थांबा. आमच्या वक्तीनं एवढंच म्हटलं: ‘सोमवारपासून संध्याकाळचा सराव मी घेणार आहे. वाळूचा खड्डा कालच उकरून ठेवलाय. तुम्ही शिट्टी घेऊन या.’ पण असं वाक्य खरं असेल तरच. मैदानाला सरांचं नाव देऊ, त्यांच्या नावानं स्पर्धा भरवू, शिष्यवृत्ती ठेवू, असल्या घोषणा टाळ्या घेतात. पैसे जमा झालेले नसतील आणि संस्थेची लेखी परवानगी नसेल तर त्या तोंडातून काढू नका. दोन वर्षांनी काही झालं नाही की गावात तोंड सरांनाच लपवावं लागतं.

जिथे जपून बोलायचं

छडीची गोष्ट हमखास निघते. ‘सरांचा मार खाल्ला म्हणून माणूस झालो’ म्हणणारे बरेच भेटतील. ज्यानं मार खाल्ला त्याला स्वतःला ते स्टेजवरून ऐकायचंय का, ते विचारा. त्याच्या वतीनं तुम्ही हसू नका. आमच्याकडे अशी एक आठवण आली होती आणि ती सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळलं की ती अजून बोचते. ती घेतली नाही.

गरिबीची गोष्टही तशीच. सरांनी कुणाला बूट घेऊन दिले, कुणाची प्रवेश फी भरली, हे सांगावंसं वाटतं. तो माणूस आज बायकामुलांसह समोर बसलेला असतो. त्याला आधी फोन करून विचारा. हो म्हणाला तरी नाव न घेता सांगा. त्याला स्वतः उठून हात वर करायचा असेल तर तो करेल. धार काढणाऱ्या मुलाला आम्ही असंच विचारलं होतं. तो म्हणाला, नाव घेतलं तरी चालेल. तरी घेतलं नाही, आणि तोच तिसऱ्या रांगेतून उठून उभा राहिला.

संस्थेनं मैदानाच्या जागेवर बांधकाम केलं, खेळाचे तास काढून दुसरे विषय लावले, सरांना एका वर्षी स्पर्धेची परवानगी मिळाली नाही, या तक्रारी खऱ्या असतील. पण उत्तर द्यायला सरच उठणार आहेत आणि बाजूला संस्थेचे पदाधिकारी बसलेले असणार आहेत. सरांना त्यांच्या शेवटच्या दिवशी त्या पेचात टाकू नका.

सराव आणि माईक

कागद मोठ्या अक्षरात छापा, ओळींत जागा सोडा आणि कागदाच्या एकाच बाजूला छापा. जिथे थांबायचं तिथे उभी रेघ मारा. वाचून दाखवायला संकोच करू नका. पाठ केलेलं भाषण मधे एक वाक्य सुटलं की सगळंच सुटतं, आणि खेळाच्या सरांसमोर पोरं तशीही गडबडतात. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठ हवं, ते कागदाकडे न बघता सरांकडे बघून बोलायचं.

मोठ्यानं वाचून मोबाइलवर वेळ लावा. घरात सहा मिनिटं भरली तर सभागृहात सात होतात, कारण तिथे हसू, टाळ्या आणि आवंढे असतात. घरी पाच मिनिटांत बसवा. ज्याची गोष्ट घेतली आहे त्याला एकदा फोनवर वाचून दाखवा. तपशील चुकला असेल तर तो तिथेच सांगतो. आमच्या मसुद्यात गडी ‘मध्यरेषेवर’ सुटला असं होतं. ज्याच्या हातून सुटला त्यानं सांगितलं, ‘खांबाजवळ’. खो-खो कळणाऱ्या माणसाला त्या एका शब्दानं चित्र बदलतं, कारण सूर मारायचा खरा प्रसंग खांबाजवळच येतो.

माईक तोंडापासून वीतभर लांब धरा. स्टँड असेल तर बोलायला सुरुवात करायच्या आधी उंची लावून घ्या. मेच्या दुपारी पंखे पूर्ण वेगात असतात, कागद उडतो, म्हणून तो पुठ्ठ्याच्या पॅडला लावा. लाइट जाण्याची तयारी ठेवा आणि त्या वेळी पुढे येऊन, मैदानावर हाक मारता तशा आवाजात बोला.

गळा दाटून आला तर थांबा, पाणी प्या, माफी मागू नका. आधीच एका मित्राला दुसरी प्रत देऊन पहिल्या रांगेत बसवा. बोलणं शक्यच झालं नाही तर तो उठून जिथे थांबलात तिथून वाचेल. हे दोघांत आधी ठरलेलं असलं की भीती निम्मी होते.

वेळ कापली गेली तर

हे बऱ्याचदा होतं. पाहुणे उशिरा येतात, एखादं भाषण लांबतं आणि सूत्रसंचालक कानात येऊन सांगतो, ‘दोन मिनिटांत उरका.’ म्हणून दुसऱ्या कागदावर दोन मिनिटांची प्रत तयारच ठेवा. सहा मिनिटांचं भाषण घाईत वाचण्यापेक्षा ते बरं. तिच्यात धाग्यातली मूळ गोष्ट पूर्ण राहते, सरांच्या वाक्यासकट, आणि तिच्यानंतरचं थांबणंही राहतं. काकूंचं वाक्य राहतं. शेवटचं वाक्य राहतं. बाकी सगळं जातं: संबोधन दोन शब्दांवर येतं, पूर जातो, गुणलेखन जातं, तालुका-जिल्ह्याचा उल्लेख जातो. गेलेलं वाया जात नाही. पूर्ण प्रत चांगल्या कागदावर छापून, त्याखाली आठवणी दिलेल्या सगळ्यांची नावं आणि बॅचचं साल लिहून, कार्यक्रमानंतर सरांच्या हातात द्या. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या सह्यांसाठी तळाला जागा सोडा. ते गणपतीला किंवा दिवाळीला गावी आले की सरांच्या घरी जाऊन सही करतील.